कैफियत लिहिताना: कबूल, नाकबूल आणि "वस्तुस्थिती अशी की"

दिवाणी दाव्याचं समन्स आलं की प्रतिवादी वकिलासमोर बसून पहिलं वाक्य बोलतो, "साहेब, सगळं खोटं आहे." नवा वकीलही तेच लिहून मोकळा होतो: "दाव्यातील संपूर्ण मजकूर खोटा, लबाडीचा व बनावट असून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही." कोर्टात रोज दिसणारं हे वाक्य एकटं उभं असेल तर जवळपास निरुपयोगी असतं. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ८ सांगतो की नाकारायचं ते नेमकं नाकारा. जे नेमकं नाकारलं नाही ते कबूल धरलं जाईल. आणि कबूल झालेली गोष्ट समोरच्याला पुराव्याने शाबीत करावी लागत नाही. म्हणजे कैफियतीत, प्रतिवादीने दाव्याला द्यायच्या लेखी उत्तरात, एक वाक्य ढिलं राहिलं, तर वादीचं तेवढं काम आपणच करून दिलेलं असतं.

हे नुसत्या नियमांवरून समजत नाही, म्हणून एक दावा समोर ठेवू. प्रसंग कल्पित आहे, पण तालुका कोर्टात असे दावे नेहमी दिसतात. निफाडच्या कनिष्ठ स्तर दिवाणी कोर्टात एका शेतकऱ्याने शेजारच्या गावातल्या शेतकऱ्यावर वसुलीचा दावा लावला आहे. दावा दाखल झाला १६ जून २०२५ रोजी. मजकूर थोडक्यात असा:

कलम १. वादी व प्रतिवादी शेतकरी असून त्यांचा अनेक वर्षांचा घरोबा आहे.
कलम २. प्रतिवादीस मुलीच्या लग्नासाठी पैशांची निकड असल्याने वादीने दि. ८/३/२०२२ रोजी वादीच्या घरी, दोन साक्षीदारांसमक्ष, रु. २,५०,००० चेकने व रु. १,००,००० रोख असे एकूण रु. ३,५०,००० हातउसने दिले.
कलम ३. मागणी करताच सदर रक्कम द.सा.द.शे. १८ टक्के व्याजासह परत करण्याचे प्रतिवादीने कबूल केले.
कलम ४. प्रतिवादीने दि. १५/११/२०२३ रोजी रु. ५०,००० रोख परत केले व बाकी रक्कम लवकरच देतो असे सांगितले.
कलम ५. दि. २/५/२०२५ रोजी वकिलामार्फत नोटीस दिली. ती मिळूनही प्रतिवादीने उत्तर दिले नाही.
कलम ६. दाव्यास कारण, कोर्टाचे अधिकारक्षेत्र, मुदत.
विनंती: रु. ३,००,००० व व्याज.

प्रतिवादीचं म्हणणं वेगळं आहे. चेक मिळाला हे खरं, पण तो ट्रॅक्टरच्या किमतीपोटी होता. जुना ट्रॅक्टर चार लाखांना वादीला विकला, अडीच लाख चेकने आले, उरलेले दीड लाख दिवाळीनंतर, ३१ ऑक्टोबर २०२२ पर्यंत द्यायचं ठरलं होतं, ते आजवर आले नाहीत. रोख लाख रुपये कधी घेतलेच नाहीत. पन्नास हजार परत केले हेही खोटं. आणि मुलगी तेव्हा दहावीत होती.

आधी तारखा, मग लेखणी

समन्स समजा २१ जुलै २०२५ रोजी लागलं. कैफियतीची मुदत समन्स लागल्यापासून ३० दिवस, म्हणजे २० ऑगस्ट. कारणं नोंदवून कोर्ट ती समन्सपासून ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं, म्हणजे १९ ऑक्टोबर. साध्या दिवाणी दाव्यात ही ९० दिवसांची मर्यादा अगदी पोलादी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये कैलाश वि. नन्हकू या निकालात ती प्रक्रियेच्या शिस्तीसाठी असल्याचं सांगितलं आणि अपवादात्मक परिस्थितीत पुढेही कैफियत घेता येते असं म्हटलं. पण त्या भरवशावर राहू नये. तारखेला कैफियत नसली की रोजनाम्यात "विना कैफियत" आदेश होतो. मग तो रद्द करून घ्यायला अर्ज, समोरच्याचं म्हणणं, खर्चाची रक्कम असं शेपूट लागतं. वाणिज्य दावा असेल तर १२० दिवसांनंतर कैफियत दाखल करण्याचा हक्कच जातो, तिथे कोणाची दया चालत नाही.

दुसरी गोष्ट, समन्स कशाचं आहे ते वाचा. पैशाचा दावा चेक, वचनचिठ्ठी किंवा लेखी करारावर असेल तर तो आदेश ३७ खाली समरी दावा म्हणूनही लावला जातो. त्यात थेट कैफियत देता येत नाही. समन्स लागल्यापासून १० दिवसांत हजेरी द्यावी लागते, आणि पुढे निर्णयासाठीचं समन्स आलं की १० दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते. ३० दिवस आहेत म्हणून शांत बसलेल्या माणसाच्या विरुद्ध अशा दाव्यात हुकूमनामा होऊन जातो.

तिसरी गोष्ट, दाव्यासोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज असेल तर तो आपल्याकडे निशाणी ५ ला असतो आणि त्याचं म्हणणं आधी मागितलं जातं. काही जण नंतर "निशाणी ५ चे म्हणणे हीच कैफियत समजावी" अशी पुरशीस, म्हणजे कोर्टाला कळवणारी लेखी चिठ्ठी, देऊन टाकतात. घाईत लिहिलेलं ते म्हणणं कैफियत म्हणून कायमचं गळ्यात पडतं. ती पुरशीस देण्याआधी म्हणणं पुन्हा एकदा पूर्ण वाचा. आपल्या वसुलीच्या दाव्यात हा प्रश्न नाही.

दाव्याची चिरफाड

कैफियत लिहायला बसण्याआधी दाव्याची एक झेरॉक्स घ्या आणि पेन्सिलीने प्रत्येक कलमातली विधानं सुटी करा. विधान म्हणजे एक अशी गोष्ट जी स्वतंत्रपणे खरी किंवा खोटी ठरू शकते. कलम २ दिसायला एक वाक्य आहे. त्यात निदान सात विधानं आहेत: मुलीचं लग्न होतं, त्यासाठी निकड होती, प्रतिवादी ८ मार्चला वादीच्या घरी गेला, अडीच लाखांचा चेक दिला, एक लाख रोख दिले, दोन साक्षीदार हजर होते, आणि ही सगळी रक्कम हातउसनी होती.

आता पक्षकाराला समोर बसवून प्रत्येक विधानापुढे तीनपैकी एक खूण करायची: खरं, खोटं, माहीत नाही. इथे घाई करू नये. पक्षकार "खोटं" म्हणतो तेव्हा त्याला नेमकं काय खोटं म्हणायचं आहे हे तीन-चार प्रश्न विचारल्याशिवाय कळत नाही. आपल्या प्रतिवादीने पहिल्या बैठकीत "पैसे घेतलेच नाहीत" असंच सांगितलं असतं. पासबुक मागितल्यावर १० मार्च २०२२ ची अडीच लाखांची जमा नोंद निघते आणि मग ट्रॅक्टरची गोष्ट बाहेर येते. म्हणून बँकेचा उतारा बघितल्याशिवाय पैशाच्या दाव्यात एक ओळही लिहायची नाही, हा माझा शिरस्ता आहे.

कबुली: मोजून द्यावी

नवख्यांना कबूल करायची भीती वाटते. पण जे कागदावर दिसतं ते नाकारलं, तर उलटतपासात पासबुक समोर ठेवून वादीचा वकील दहा मिनिटांत प्रतिवादीला खोटा ठरवतो. मग रोख रकमेबद्दल तो खरं बोलतोय हेही न्यायाधीशाला पटत नाही.

मात्र कबुली जेवढी तेवढीच द्यायची आणि तिला कुंपण घालायचं. "चेक मिळाला" हे कबूल. "हातउसना मिळाला" हे नाही. लिहायचं असं:

"दावा कलम २ मधील, वादीने दिलेला रु. २,५०,००० (अक्षरी रुपये दोन लाख पन्नास हजार) चा चेक प्रतिवादीस मिळाला व तो दि. १०/३/२०२२ रोजी वटला, एवढाच मजकूर खरा व कबूल आहे. सदर रक्कम हातउसनी अथवा कर्ज म्हणून दिली हे खरे नाही. ती रक्कम खालील कलम ११ मध्ये नमूद केल्याप्रमाणे ट्रॅक्टरच्या किमतीपोटी मिळालेली आहे."

"एवढाच मजकूर" हे शब्द इथे महत्त्वाचे. रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहिली आहे तीही हौस म्हणून नाही. आदेश ६ नियम २ मध्ये तारखा, रकमा आणि संख्या दोन्ही प्रकारे लिहाव्यात असं आहे. आणि कबुली देताना कारण लगेच त्याच श्वासात जोडलं आहे, म्हणजे पुढे कोणी अर्धं वाक्य उचलून आदेश १२ नियम ६ खाली "कबुलीवर निर्णय द्या" असा अर्ज केला तर संपूर्ण वाक्य कोर्टासमोर राहतं.

कबुली एकदा गेली की मागे घेणं फार अवघड. दुरुस्ती अर्जाने बचावात भर घालता येते, पण दिलेली कबुली पुसून वादीची बाजूच उखडायची दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये मोदी स्पिनिंगच्या प्रकरणात नाकारली होती. म्हणून ज्या विधानाबद्दल खात्री नाही ते "बहुतेक बरोबर असेल" म्हणून कबूल करू नये.

कलम १ आणि कलम ५ मात्र सरळ कबूल करावीत. घरोबा होता, नोटीस मिळाली, लेखी उत्तर दिलं नाही. नोटिशीला उत्तर न देणं म्हणजे कर्ज कबूल करणं नव्हे, पण कोर्ट त्यातून प्रतिकूल अर्थ काढू शकतं. म्हणून का दिलं नाही ते एका वाक्यात लिहावं, तेही खरं असेल तर: "नोटीस मिळाल्यावर प्रतिवादीने वादीस समक्ष भेटून ट्रॅक्टरच्या बाकी रकमेची आठवण करून दिली व त्यामुळे स्वतंत्र लेखी उत्तर दिले नाही."

नाकारणं: इथेच सगळे घसरतात

रोख एक लाखाचं विधान नाकारायचं आहे. सहज सुचणारं वाक्य असं:

"प्रतिवादीने दि. ८/३/२०२२ रोजी वादीच्या घरी साक्षीदारांसमक्ष रु. १,००,००० रोख घेतले हे खरे नाही."

वाचायला अगदी नेमकं वाटतं. पण यात फट आहे. ८ तारखेला नाही, मग ९ ला घेतले? घरी नाही, मग बाजार समितीत? एक लाख नाही, मग नव्वद हजार? आदेश ८ नियम ४ नेमका याच नाकारण्याला टाळाटाळीचं नाकारणं म्हणतो. त्यात उदाहरणच पैशाचं दिलेलं आहे: अमुक रक्कम घेतली असं विधान असेल तर ती विशिष्ट रक्कम घेतली नाही म्हणणं पुरेसं नाही, ती रक्कम किंवा तिचा कोणताही भाग घेतला नाही असं म्हणावं, नाहीतर किती घेतली ते सांगावं. आणि विधानाला परिस्थितीची झालर असेल तर झालरीसकट नाकारून चालत नाही, गाभा स्वतंत्रपणे नाकारावा लागतो. असं नाकारणं जमलं नाही तर नियम ५ लागतो आणि विधान कबूल धरलं जातं. हे तीन, चार आणि पाच नियम मिळून एकसंध व्यवस्था आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने बदात अँड कंपनीच्या १९६४ च्या निकालात सांगितलं, आणि आजही युक्तिवादात तोच निकाल वाचला जातो.

मग नीट नाकारलेलं वाक्य कसं दिसेल?

"प्रतिवादीने वादीकडून रु. १,००,००० (अक्षरी रुपये एक लाख) अथवा त्यापैकी कोणतीही रक्कम, दि. ८/३/२०२२ रोजी अथवा इतर कोणत्याही दिवशी, वादीच्या घरी अथवा इतर कोणत्याही ठिकाणी, रोख स्वरूपात घेतली हे खरे नाही. असा कोणताही व्यवहार कोणत्याही साक्षीदारासमक्ष झाला हे खरे नाही. प्रतिवादीच्या मुलीचे लग्न ठरलेले होते व त्यासाठी पैशांची निकड होती हे खरे नाही; सदर मुलगी त्या वेळी इयत्ता दहावीत शिकत होती."

गाभा आधी, झालर नंतर, आणि प्रत्येक गोष्टीला आपलं वाक्य. हे थोडं कंटाळवाणं वाटतं, वाटू द्या.

स्वतः तपासायची एक पद्धत आहे. नाकारलेलं वाक्य लिहून झालं की वादीच्या वकिलाच्या खुर्चीत बसा आणि विचारा, "हे वाक्य पूर्ण खरं असूनही माझ्या अशिलाचे पैसे देणे लागू शकतात का?" उत्तर "हो" आलं तर वाक्य गळतंय.

"माहीत नाही" या खुणेचंही तसंच. वादीने स्वतःच्या घरच्या गोष्टी लिहिल्या असतील, समजा त्याने दागिने गहाण ठेवून रोख उभी केली असं लिहिलं असेल, तर प्रतिवादीला ते खरोखर ठाऊक नसतं. अशा वेळी नुसतं "प्रतिवादीस माहिती नाही" एवढ्यावर थांबू नये. माहिती नसणं म्हणजे नाकारणं नव्हे, असं जहुरी साह वि. द्वारिका प्रसाद या १९६६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. लिहावं: "सदर मजकुराची प्रतिवादीस व्यक्तिशः माहिती नाही व म्हणून तो नाकबूल आहे. वादीने तो शाबीत करावा."

शेवटी "वर स्पष्टपणे कबूल न केलेला इतर सर्व मजकूर नाकबूल आहे" हे वाक्य सगळेच टाकतात. टाका, हरकत नाही. पण ते जाळं आहे असं समजून वरचं काम ढिलं करू नका. त्या वाक्याने नेमकेपणाची उणीव भरून निघत नाही.

कलम ४: गोड वाटणारं कलम

आता दाव्यातलं सगळ्यात धोक्याचं कलम. वादी म्हणतो, तुम्ही पन्नास हजार परत केले. प्रतिवादी ऐकून खूश होतो: "तो स्वतःच म्हणतोय पन्नास मिळाले, मग आपण कशाला नाही म्हणायचं?" नवा वकीलही हे कलम वादाचं नाही समजून पुढे सरकतो.

तारखा मांडून बघा. मागणी करताच परत करायच्या कर्जाच्या वसुलीचा दावा लावायला मुदत कायद्याप्रमाणे कर्ज दिल्यापासून तीन वर्षं मिळतात; चेकने दिलं असेल तर चेक वटल्यापासून. म्हणजे वादीच्याच कथेप्रमाणे मुदत मार्च २०२५ मध्ये संपली. दावा आला जूनमध्ये. तीन महिने उशीर. हा उशीर भरून काढायला वादीकडे एकच आधार आहे, कलम ४. मुदत कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत जिवंत असताना कर्जापोटी काही रक्कम दिली गेली, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं सुरू होतात. १५ नोव्हेंबर २०२३ चा भरणा खरा ठरला की दावा मुदतीत येतो.

पण त्याच कलमात अट आहे: भरण्याची नोंद पैसे देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीच्या लिखाणात असली पाहिजे. वादीने असा कागद दाखल केलेला नाही. आता प्रतिवादीने कैफियतीत "कलम ४ खरे आहे" असं लिहून खाली सही केली, तर जो कागद वादीकडे नव्हता त्याच्या जवळपास जाणारी वस्तू त्याला आपणच दिली. मुदतीचा बचाव तिथेच धोक्यात येतो. शिवाय पन्नास हजार परत केले म्हणजे कर्ज होतं हेही आलंच. ट्रॅक्टरची गोष्ट त्याच क्षणी लंगडी पडते.

आपल्या प्रतिवादीने पैसे दिलेच नव्हते, म्हणून ते स्पष्ट नाकारायचं: दि. १५/११/२०२३ रोजी अथवा कधीही, रु. ५०,००० अथवा कोणतीही रक्कम, कथित कर्जापोटी अथवा इतर कारणाने दिली नाही; तशी प्रतिवादीच्या हस्ताक्षरातील अथवा सहीची कोणतीही नोंद अस्तित्वात नाही. आणि खरोखर दिले असते तर? तर नाकारता येत नाही. कैफियत सत्यापनावर, म्हणजे मजकूर खरा असल्याच्या सहीनिशी दिलेल्या ग्वाहीवर, असते. मग बचाव दुसरीकडे शोधायचा: ते कशापोटी दिले, लिखाण आहे का, हे मांडायचं.

दाव्यात प्रतिवादीच्या फायद्याची दिसणारी गोष्ट आली की थांबून विचारावं, ही वादीने का लिहिली असेल? दावा लिहिणारा वकील दानधर्म करत नाही.

"वस्तुस्थिती अशी की"

कलमवार उत्तर संपलं की जादा कथनाचा भाग येतो. आपल्याकडे त्याची सुरुवात बहुधा "यातील खरी वस्तुस्थिती अशी की" अशी होते. वादीचं खोटं आहे एवढं म्हणून थांबलेला प्रतिवादी पुराव्याच्या वेळी ट्रॅक्टरची गोष्ट काढू शकत नाही. जी कैफियतीत नाही त्या गोष्टीचा पुरावा चालत नाही. आदेश ८ चा नियम २ तर सांगतो की दावा चालण्यास पात्र नाही, व्यवहार रद्दबातल आहे, फसवणूक झाली, मुदत संपली, रक्कम फेडली, असे जे बचाव वादीला अनपेक्षित ठरतील ते सगळे कैफियतीत उघड मांडायला हवेत.

गोष्ट तारीखवार सांगायची. विशेषणं नकोत. कोणता ट्रॅक्टर, नोंदणी क्रमांक काय, किंमत केव्हा व किती ठरली, ताबा केव्हा दिला, चेक कशापोटी, बाकी कधी द्यायची, नाव कधी लागलं:

"११. प्रतिवादीचे मालकीचा ट्रॅक्टर (नोंदणी क्रमांक ....) प्रतिवादीने दि. ७/३/२०२२ रोजी वादीस रु. ४,००,००० (अक्षरी रुपये चार लाख) किमतीस विकण्याचे उभयतांत ठरले. वादीने दि. ८/३/२०२२ रोजी किमतीपोटी रु. २,५०,००० चा चेक दिला व त्याच दिवशी ट्रॅक्टरचा ताबा घेतला. बाकी रु. १,५०,००० दि. ३१/१०/२०२२ पर्यंत देण्याचे वादीने मान्य केले.
१२. त्यानंतर परिवहन कार्यालयाचे अभिलेखात सदर ट्रॅक्टर वादीचे नावे वर्ग झाला असून तो आजही वादीचे ताब्यात आहे."

इथे एक भेद पाळायचा. कैफियतीत महत्त्वाच्या घटना लिहायच्या, त्यांचा पुरावा नाही. ट्रॅक्टर वादीच्या नावावर झाला ही घटना. त्यासाठी भरलेले फॉर्म २९ व ३०, नोंदणी पुस्तिकेचा उतारा, सौद्याच्या वेळी कोण बसलं होतं आणि काय बोललं, हा पुरावा. त्याची जागा कागदांच्या यादीत आणि पुढे सरतपासणीच्या शपथपत्रात. कैफियतीत सगळं ओतलं की साक्षीदारांच्या तोंडी तीच वाक्यं घालावी लागतात, आणि एक शब्द इकडेतिकडे झाला की उलटतपासाला खाद्य मिळतं. फसवणूक किंवा अवाजवी दबाव यांचा बचाव असेल तेव्हा मात्र तपशील, तारखांसह, कैफियतीतच द्यावे लागतात. "वादीने फसवणूक केली" एवढ्याने काही होत नाही.

मुदतीचा बचाव स्वतंत्र कलमात लिहा, आणि "दावा मुदतबाह्य आहे" एवढ्यावर सोडू नका. मुदतीचा मुद्दा कोर्टाने आपण होऊन पाहायचा असतो हे खरं. तरी केव्हा सुरू झाली, केव्हा संपली, दावा कधी आला आणि कलम ४ चा आधार का चालत नाही, हे चार ओळींत मांडलं की मुद्दे काढतानाच न्यायाधीशाच्या नजरेत ते बसतं. इथे एक शंका येते: प्रतिवादी म्हणतो कर्जच नव्हतं, मग कर्जाची मुदत संपली असं कसं म्हणतो? पर्यायी बचाव म्हणून म्हणता येतं. "कर्ज दिले हे क्षणभर गृहीत धरले तरीही" या शब्दांनी सुरुवात करा. पर्यायी बचाव वेगळा आणि एकमेकांना खाणारी दोन विधानं वेगळी. "पैसे घेतलेच नाहीत" आणि "घेतले ते परत केले" ही दोन्ही एकाच माणसाच्या तोंडी शोभत नाहीत.

१८ टक्के व्याज दिसलं की विनापरवाना सावकारीचा बचाव टाकायचा मोह होतो. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली वैध परवाना नसलेल्या सावकाराला हुकूमनामा मिळत नाही, हे बरोबर. पण त्यासाठी वादी सावकारीचा धंदा करतो हे हवं, एकदोन ओळखीच्यांना दिलेले पैसे म्हणजे धंदा नाही. त्याने आणखी कोणाकोणाला व्याजाने पैसे दिले, कोणते दावे लावले, हे सांगता येत असेल तरच हा बचाव घ्या. शिवाय आपल्या प्रतिवादीची मुख्य गोष्ट ट्रॅक्टरची आहे, तिच्यावरून लक्ष उडेल असं काही नको.

दीड लाखांचं काय?

प्रतिवादीला उरलेले दीड लाख हवे असतील तर कैफियतीत प्रतिदावा जोडता येतो. प्रतिदावा म्हणजे त्याच प्रकरणात प्रतिवादीने लावलेला दावाच. त्याला स्वतःचं कारण, मूल्यांकन, कोर्ट फी आणि विनंती लागते, शीर्षकात "कैफियत व प्रतिदावा" असं लिहावं लागतं, आणि वादी त्यावर आपली कैफियत देतो. वादीने मूळ दावा काढून घेतला तरी प्रतिदावा पुढे चालतो.

आणि त्यालाही मुदत आहे. मुदत कायद्यात प्रतिदावा ज्या दिवशी कोर्टात मांडला तो दिवस धरतात, मूळ दाव्याचा नाही. उधारीची तारीख ३१ ऑक्टोबर २०२२ होती, म्हणून तीन वर्षं ३१ ऑक्टोबर २०२५ ला संपतात. कैफियत ऑगस्टमध्ये दिली तर प्रतिदावा सहज मुदतीत. मुदतवाढ घेत घेत, दिवाळीच्या सुट्टीनंतर बघू म्हणत नोव्हेंबर गाठला, तर दीड लाख बुडाले. बचावातली गोष्ट म्हणून ते राहतील, वसुली म्हणून नाही. उधारीची तारीख ठरलेलीच नसती, तर तीन वर्षं ट्रॅक्टर दिल्यापासून मोजली गेली असती आणि मार्च २०२५ मध्येच वाट बंद झाली असती. म्हणून "बाकी कधी द्यायची ठरलं होतं?" हा प्रश्न पक्षकाराला पहिल्याच बैठकीत विचारायचा, आणि उत्तर त्याच्याकडूनच यायला हवं, आपण तारीख सुचवायची नाही.

सत्यापन, कागद आणि दाखल करणं

विनंती छोटी ठेवा: दावा खर्चासह रद्द व्हावा, प्रतिदावा मंजूर व्हावा. खाली प्रतिवादीची आणि वकिलाची सही. सत्यापनात कोणती कलमं स्वतःच्या माहितीने खरी आणि कोणती मिळालेल्या माहितीवरून खरी मानली, हे कलमांच्या क्रमांकासह लिहायचं असतं. ठिकाण, तारीख आणि सोबत शपथपत्र. "कलम १ ते १८ मधील मजकूर माझे माहिती व समजुतीप्रमाणे खरा आहे" असं सरसकट छापील सत्यापन सर्रास चालतं, पण कायदेशीर कलमं, म्हणजे मुदतीसारखी, वकिलाच्या सल्ल्यावरून आणि ट्रॅक्टरची कलमं स्वतःच्या माहितीने असं वेगळं केलेलं बरं. सही करण्याआधी पक्षकाराला पूर्ण कैफियत मोठ्याने वाचून दाखवा. "हे मी सांगितलं नव्हतं" हे वाक्य उलटतपासात ऐकण्यापेक्षा ऑफिसात ऐकलेलं परवडतं.

पासबुकाचा उतारा, ट्रॅक्टर हस्तांतराचे कागद, मुलीचा दहावीचा दाखला हे यादीसह कैफियतीबरोबरच दाखल करा. नंतर आणायचे तर कोर्टाची परवानगी लागते. आपल्याकडे नाहीत असे कागद, उदाहरणार्थ परिवहन कार्यालयातलं मूळ रेकॉर्ड, कोणाकडे आहेत तेही यादीत नमूद करा. एक प्रत समोरच्या वकिलाला देऊन त्यांची पोच घ्या.

पुढच्या तारखांना कोर्ट मुद्दे काढतं. त्या दिवशी हजर राहा आणि यादी वाचा. आपल्या प्रकरणात निदान चार मुद्दे दिसायला हवेत: रोख रक्कम दिली का, चेकची रक्कम हातउसनी होती की ट्रॅक्टरच्या किमतीपोटी, दावा मुदतीत आहे का, आणि प्रतिवादी दीड लाख मिळण्यास पात्र आहे का. यातला एखादा गळला असेल तर आधी आपली कैफियत उघडून बघा, तो मुद्दा तिथे नीट लिहिलाय का. लिहिला असेल तर जादा मुद्दा काढण्याचा अर्ज साक्षीपुरावा सुरू होण्याआधीच द्या.